ग्रामसभेत देवराईची बाजू मांडताना : माझा अनुभव

आमचं गाव त्र्यंबकेश्वर तालुक्यात. गावच्या देवराईत वाघदेवाचं ठाणं आहे. ठाण्यापुढे सभामंडप बांधायचा, भोवती पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि वठलेली झाडं काढायची, असा विषय ग्रामसभेपुढे येणार होता. तरुण मंडळाच्या वतीने त्यावर मी बोलायचं ठरलं.

भाषण लिहिण्याआधी सातबारा काढला. देवराई गायरानात असते, देवस्थान इनामात असते, कधी वनखात्याच्या गटात तर कधी खासगी मालकीतही. जमीन वनखात्याची असेल तर तिथे मंडप बांधायची परवानगी ग्रामपंचायत देऊच शकत नाही, मग सगळी चर्चा फुकट जाते. आमचा गट गायरानाचा निघाला, म्हणजे गावाच्या ठरावाला वजन होतं. त्यानंतर विषयपत्रिकेत आमचा विषय घ्यावा म्हणून लेखी अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतला. ऐनवेळचा विषय म्हणून मांडलं की ‘पुढच्या सभेत बघू’ एवढ्यावरच संपतं.

मग मोजणी केली. दोरीने दहा मीटर बाय दहा मीटरच्या पाच चौकटी आखल्या, दोन कडेला आणि तीन आतल्या भागात. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, ज्याचा घेर ३० सेंटिमीटर किंवा जास्त ते झाड धरलं आणि त्याखालची रोपं वेगळी मोजली. बहुतेक लोक इथेच चुकतात. मोठी झाडं मोजून ‘राई दाट आहे’ म्हणतात आणि रोपांकडे बघतच नाहीत. आमच्या चौकटींत जांभळाची मोठी झाडं नऊ भरली, पण कमरेइतकं रोपटं एकही नव्हतं. माझं भाषण याच एका गोष्टीवर उभं राहिलं.

सभेत मी म्हणालो, “सरपंचताई, काका, मावश्या, आपली राई म्हाताऱ्यांचं घर झालीय. लेकरू एकही नाही. जांभळाचं बी वाळलं की मरतं, आंब्याच्या कोयीसारखंच तेही साठवून ठेवता येत नाही. ते जूनमध्ये पडतं तेव्हा खाली पालापाचोळ्याची ओल लागते. आपण भाताच्या रोपांच्या वाफ्यावर राब भाजायला पाला झाडून नेतो, बी उघड्या टणक जमिनीवर पडतं, वाळतं नाहीतर पहिल्या पावसात वाहून जातं. त्यातूनही जे उगवतं ते शेळी खाते.”

एका बाबांनी विचारलं, “मग राब भाजायचा कशाने?” प्रश्न रास्त होता. याचं उत्तर तयार नसेल तर अर्धी सभा तिथेच विरोधात जाते. बांधावरच्या सादड्याच्या फांद्या आणि शेण यांवर भागवायचं, राईतला पाला न्यायचा नाही, फक्त पायवाट आणि ठाण्यापुढचं अंगण झाडायचं, असं मी सुचवलं.

वठलेल्या झाडांबद्दल सांगताना धनेश पक्ष्याचा दाखला सगळ्यांना पटला. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते, नर फटीतून तिला उंबर, वडाची फळं भरवतो. ढोल्या जुन्या, पोकळ खोडांतच मिळतात. वठलेलं झाड वाटेवर झुकलं असेल तर तेवढंच उतरवावं, आत उभं असलेलं राहू द्यावं. पेव्हर ब्लॉकचं कारण वेगळं. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. वर मुरूम दाबून फरशी बसवली की मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही.

एक मोह मात्र मी टाळला. अंजनेरीचं कंदिलपुष्प जगात फक्त आपल्याकडेच सापडतं, तेही भाषणात घाला, असं एकाने सुचवलं होतं. ते उघड्या कातळपठारावरचं आहे, सावलीतल्या राईचं नाही. खोटा दाखला एकाने जरी पकडला तरी खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

ठरावाचा मसुदा आम्ही लिहूनच नेला होता. नुसतं ‘देवराईचे संरक्षण करावे’ एवढंच लिहिलं तर त्याचा पुढे काही उपयोग होत नाही. आमच्या ठरावात गट क्रमांक, क्षेत्र, चारही बाजूंच्या खुणा, मंडप राईच्या सावलीबाहेर पडीक तुकड्यावर, पाला व चराई बंद, आणि सूचक-अनुमोदकांची नावं होती. राईची नोंद गावाच्या जैवविविधता समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत घ्यावी, हेही जोडलं. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ खाली राज्य सरकार अशी जागा वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. सिंधुदुर्गातल्या बांबर्ड्याच्या देवराईला तो दर्जा मिळालेला आहे, आणि तिथवर जायचं तर ही नोंद हाताशी लागते.

मंडपाच्या जागेवर बराच वाद झाला, शेवटी ती बदलली. चराईबंदी मात्र पूर्ण मंजूर झाली नाही, फक्त पावसाळ्यापुरती झाली. ठरावाची सहीशिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात मागून घेतली. चौकटींच्या कोपऱ्यांवर दगड पुरून ठेवलेत, पावसाळा सरल्यावर त्याच जागी रोपं पुन्हा मोजायची आहेत.