रेघा नसलेल्या वहीतले रकाने

भवानी पेठेतल्या आजोबांच्या भुसार दुकानाची १९५५ची खरेदीवही आत्याकडे होती. तारीख, माल, वजन, दर, रक्कम ही शीर्षकं फक्त महिन्याच्या पहिल्या पानावर. उभी रेघ एकही नाही. मला ती एक्सेलमध्ये हवी होती.

पानं ३०० डीपीआयवर स्कॅन केली, तिरकी होती ती सरळ केली. मग प्रत्येक उभ्या पट्टीत शाई किती, ते मोजलं:

```
ink = (pan < 140).sum(axis=0)
```

जिथे शाई नाही तिथे रकान्यांमधली मोकळी जागा, असा माझा हिशोब. तो पहिल्याच पानाला फसला. आजोबांचा हात खाली येता येता डावीकडे सरके. शेवटच्या ओळीतली रक्कम पहिल्या ओळीपेक्षा सेंटिमीटरभर, म्हणजे जवळपास १२० पिक्सेल अलीकडे. अख्ख्या पानाची शाई एकत्र मोजली की वरचा दर आणि खालची रक्कम एकमेकांवर येऊन फट बुजत होती.

म्हणून पान आठ-आठ ओळींच्या आडव्या तुकड्यांत कापलं. फटी लगेच उघडल्या. ‘तूरडाळ नवी मोठा दाणा’सारखी लांबलचक नोंद वजनाच्या जागेत घुसायची, तेव्हा आठातली एक ओळ मध्ये आली तरी फट मानायची, एवढी सूट ठेवली.

आता उलटाच घोळ. रकाने पाचऐवजी सात निघाले! रक्कम ३७-८-० अशी, रुपये-आणे-पै. मधल्या आडव्या रेघा इतक्या पुसट, की स्कॅनमध्ये त्या गेल्या आणि एका रकमेचे तीन रकाने झाले. इथे शीर्षकं कामी आली. ती नेमकी आकड्यांवर नव्हती, ‘दर’ तर वजनाकडे झुकलेलं. पण रकाने पाचच आणि क्रम हा, एवढं त्यांनी पक्कं सांगितलं. मग सगळ्यात अरुंद दोन फटी मिटवल्या. पडताळा गुणाकाराने: गूळ ३ मण, दर साडेबारा रुपये, रक्कम ३७-८-०. जमलं.

एका पानाची बेरीज मात्र जमेना. खाली एकूण २१४-९-०, माझी २१४-३-०. सहा आणे गेले कुठे? त्या पानावर ‘हमाली ०-६-०’ अशी एकच आकडा असलेली ओळ होती. हात सरकल्यामुळे तो आकडा बरोबर दराखाली आलेला, म्हणून मी तो दरातच टाकला होता. तिथे वजन नाही, त्यामुळे गुणाकाराने चूक कळायचा प्रश्नच नव्हता.

आत्याला दाखवलं तर ती चष्मा न लावताच म्हणाली, “अरे, हमालीला कसला आलाय दर? ते दिलेले पैसे.”

मग नियमच केला: ओळीत एकच आकडा असेल तर तो रकमेत टाकायचा, आणि पानाची बेरीज जुळेपर्यंत पुढचं पान उघडायचं नाही. शाई मागून फुटलेली अकरा पानं तरीही हातानेच उतरवली.