पाच मिनिटं नव्हे, वीस

शुक्रवार, रात्र

होमस्टेची जाहिरात पुन्हा लिहायला अखेर आज बसले. दिवाळीची बुकिंगं सुरू होतील त्याआधी हे काम हातावेगळं करायचंच आहे. मे महिन्यात जे झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नाही.

पुण्याहून एक जोडपं आलं होतं, सोबत त्यांची आई. वय सत्तरीच्या पुढे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आमची जुनी जाहिरात वाचून आले होते: 'निसर्गरम्य परिसर, समुद्रकिनाऱ्याजवळ, मालवणपासून अवघ्या पाच मिनिटांवर, प्रशस्त खोल्या, अस्सल मालवणी जेवण.' कुडाळला उतरून रिक्षाने येईस्तोवर दिवेलागण झाली. रस्त्यापासून घरापर्यंत चिऱ्याच्या पायऱ्यांची उतरती पाखाडी आहे, तिथे गाडी येत नाही. ह्यांनी हात धरून आजींना खाली आणलं. खळ्यात, म्हणजे अंगणात, टेकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "समुद्र कुठल्या बाजूला?"

समुद्र आमच्याकडून दिसत नाही. ऐकूही येत नाही.

खोली माडीवरची दिली होती, कारण जाहिरातीतला फोटो तिचाच होता. त्या रात्री आजींनी पाणीच प्यायलं नाही. बाथरूम खळ्याच्या पलीकडे, जिना उभा, खाली अंधार. रात्री उठावं लागू नये म्हणून त्या मेमधल्या उकाड्यात तहानलेल्या झोपल्या. हे मला सकाळी त्यांच्या सुनेने सांगितलं. दोन रात्रींचं बुकिंग होतं, ते एका रात्रीत गेले, दुसऱ्या रात्रीचे पैसे मी परत केले. निघताना आजी म्हणाल्या, "घर फार छान आहे हो तुमचं. आधी कळलं असतं तर मी खालची खोली मागितली असती आणि बॅटरी आणली असती."

हे वाक्य चार महिने डोक्यातून गेलेलं नाही. त्यांना घर बदलून नको होतं. आधी कळायला हवं होतं, एवढंच.

शनिवार

आज सकाळी टेप घेऊन घरभर फिरले. माजघरालगतची खोली दहा बाय अकरा फूट. 'प्रशस्त' हा शब्द तिथेच गळाला. मोठा पलंग आणि एक गादी खाली घातली की बॅग ठेवायला भिंतीकडेची जागा तेवढी उरते. दाराची चौकट जुनी, पाच फूट आठ इंच, आणि मधला उंबरा सहा इंचांचा. माडीच्या जिन्याला अकरा पायऱ्या, एका बाजूलाच कठडा. खालच्या खोलीपासून खळं ओलांडून बाथरूमपर्यंत माझी अठरा पावलं भरली, सासूबाईंची सव्वीस. जाहिरातीत सव्वीसच लिहिणार आहे. ज्याला ते अंतर महत्त्वाचं, त्याची पावलं सासूबाईंसारखीच असणार.

खोल्यांचा मजकूर असा झाला:

'खालची खोली १० × ११ फूट, दोन मोठे आणि एक लहान मूल व्यवस्थित मावतात. वयस्कर माणसं असतील तर हीच मागा. माडीची खोली मोठी आहे, खिडकीतून पोफळीची बाग दिसते, पण जिना उभा आहे. मार्च ते मे दुपारी बारा ते चार कौलं तापतात, त्या वेळी वर बसवत नाही. पडवीत झोपाळा आणि पंखा आहे. पावसात कौलांवरचा आवाज मोठा असतो. संडास-बाथरूम घराबाहेर आहे, खळ्यातून सव्वीस पावलं. दोनपैकी एका संडासात कमोड आहे. एसी नाही. उंच माणसांनी दारातून वाकून यावं.'

लिहिताना एक गोष्ट उमगली. 'एसी नाही' एवढंच लिहून थांबलं की वाचणाऱ्याला नुसती उणीव दिसते. दुपारी वर गरम होतं आणि तेव्हा पडवीत बसता येतं, असं लिहिलं की त्याला आपली दुपार दिसते. झोपाळ्यावरची दुपार आवडेल की नाही, हे त्याचं त्याला ठरवता येतं.

फोटोही बदलायचे. भाच्याने मोबाईलच्या रुंद लेन्सने, कोपऱ्यात पाठ टेकवून काढले होते. त्यात खोली हॉलएवढी दिसते. आता दारात उभं राहून साध्या लेन्सने काढले आणि पलंगाशेजारी एक प्रवासी बॅग ठेवली. बॅग सगळ्यांच्या ओळखीची असते, तिच्यावरून खोलीचं माप कळतं. खळ्यातून बाथरूमकडे जाणाऱ्या वाटेचाही एक फोटो घेतला. पूर्वी तो घ्यायचं सुचलंच नव्हतं, किंवा खरं सांगायचं तर मुद्दामच टाळला होता.

रविवार

आज अंतराचं. हे सगळ्यांत जास्त फसवं असतं. मालवणपासून आमची वाडी नऊ किलोमीटर, चौक्याच्या अलीकडे. रस्ता वळणांचा, मध्ये बाजार. दुचाकीने वीस मिनिटं लागतात. 'पाच मिनिटं' कुठून आलं ते विचारल्यावर हे म्हणाले, सगळेच तसं लिहितात. मला वाटतं किलोमीटर सांगून काही कळतच नाही. पाहुण्याला तीनच गोष्टी हव्या असतात: स्टेशनवर उतरल्यावर मी कसा येणार, समुद्रावर कसा जाणार, आणि रात्री जेवायला बाहेर गेलो तर परत कसा येणार.

'कुडाळ स्टेशनपासून रिक्षाने पाऊण तास. गाडी कधी येते ते कळवलंत तर ओळखीचा रिक्षावाला पाठवतो, भाडं आधीच सांगतो. एसटीने यायचं तर स्टेशनवरून आधी स्टँडला जावं लागतं, आणि संध्याकाळनंतर एसटीचा भरवसा धरू नका. समुद्र घरातून दिसत नाही. मालवणचा चिवला बीच दुचाकीने वीस-पंचवीस मिनिटं, तारकर्ली त्याच्याही पुढे. रोज दोनदा समुद्रावर जायचं असेल तर किनाऱ्यालगतचं घर तुम्हाला जास्त सोयीचं पडेल. स्वतःची गाडी नसेल तर रात्री आठनंतर मालवणहून परत यायला रिक्षा आधी ठरवून ठेवावी लागते. गाडी रस्त्यावर वडाखाली लागते. तिथून घरापर्यंत पाखाडीच्या ४२ पायऱ्या उतरायच्या.'

पावसाळ्यासाठी खाली दोन ओळी वेगळ्या घातल्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, तेव्हा तिकीट काढताना पोचायची वेळ नव्याने बघावी. आणि त्या दिवसांत सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या बंद असतात. फक्त किल्ल्यासाठी जुलैत येणारा माणूस किनाऱ्यावरूनच किल्ला बघून परत जातो. असे दोघे आमच्याकडे येऊन गेलेत.

'किनाऱ्यालगतचं घर जास्त सोयीचं' ही ओळ ह्यांना खटकली. आपणच गिऱ्हाईक दुसरीकडे कशाला पाठवायचं? सासूबाई तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "खोटा कित्याक लिवतंस? इलेले बघतलेच मां." ओळ ठेवली.

मंगळवार

जेवणावर दोन दिवस गेले. 'अस्सल मालवणी जेवण, ताजी मासळी' हे शब्द काढायचे म्हटल्यावर त्या जागी काय लिहू, हेच कळेना. मग आमच्या स्वयंपाकघरात खरं काय शिजतं ते आठवत गेले. सकाळी घावणे किंवा आंबोळी, सोबत चटणी नाहीतर काळ्या वाटाण्याची उसळ. दुपारी उकड्या तांदळाचा भात, माशाची कढी, तळलेली तुकडी, सोलकढी. पाहुण्याने मागितली तर रात्री कुळथाची पिठी. एवढं लिहिल्यावर 'अस्सल' म्हणायची गरजच उरली नाही.

पण माशाचं खरं सांगायला हवं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे खाडीतलं मिळेल ते आणि सुके मासे, म्हणजे सुकट, बांगडा. सुरमई मागू नका, मिळाली तर ती बर्फातली असेल. इतर दिवसांतही बाजारात काय येईल ते सकाळी कळतं. म्हणून लिहिलं: 'थाळीत कोणता मासा असेल ते सकाळी नऊपर्यंत सांगतो, दरही तेव्हाच सांगतो. सुरमई-पापलेट महाग असतं, बांगडा स्वस्त. दर ऐकून नको वाटलं तर शाकाहारी थाळी घ्या, ती नेहमी २०० रुपये.' बिलावरून झालेले दोन्ही वाद सुरमईवरूनच झाले होते, आणि दोन्ही वेळा दर आधी सांगितला नव्हता.

'ऑर्डर आदल्या दिवशी द्यावी' असं पूर्वी लिहायचो. ते हुकमासारखं वाटायचं, आणि लोक पाळायचेही नाहीत. आता लिहिलं: 'काळे वाटाणे रात्रभर भिजावे लागतात, आंबोळीचं पीठ आंबावं लागतं. म्हणून सकाळी काय हवं ते आदल्या संध्याकाळी सहापर्यंत सांगा.' कारण कळलं की नियम सांगावा लागत नाही.

शाकाहारी पाहुण्यांसाठी एक वाक्य फार विचार करून लिहिलं. 'शाकाहाराची भांडी वेगळी आहेत, पण स्वयंपाकघर आणि गॅस एकच. सोमवारी आम्ही मासे शिजवत नाही.' काहींना हे चालणार नाही. त्यांनी जेवायला बसल्यावर ते कळून उठण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

बुधवार

नियमांची जुनी यादी लाल अक्षरांत, चौदा कलमं, त्यातल्या नऊमध्ये 'सक्त मनाई'. एकेका कलमापुढे लिहीत गेले की हे पाहुण्याला पैसे भरण्याआधी कळायला हवं, की आल्यावर. ओले टॉवेल पलंगावर टाकू नका, पंखे बंद करा, कचरा कुठे टाकायचा, हे सगळं आल्यावरचं. ते खोलीतल्या एका कागदावर गेलं. जाहिरातीत उरले फक्त ते, ज्यावरून माणूस यायचं की नाही ते ठरवेल. घरात दारू चालत नाही. सासूबाई साडेनऊला झोपतात, त्यामुळे दहानंतर खळ्यात गाणी नकोत. परसातल्या विहिरीचा कठडा कमरेपेक्षा खाली आहे, लहान मुलांवर मोठ्यांनी लक्ष ठेवायचं. बुकिंग सात दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण पैसे परत, नंतर निम्मे. चार गोष्टी, साध्या काळ्या अक्षरांत.

दारूची ओळ पूर्वी तेराव्या क्रमांकावर होती. एक ग्रुप खोका घेऊनच उतरला होता, आणि तो वाद त्यांच्या इतकाच आमच्यामुळे झाला.

गुरुवार, रात्र

डोंबिवलीच्या वन्संना मजकूर पाठवला. त्यांना म्हटलं, आपलं घर विसरा आणि फक्त हे वाचून मला सांगा, स्टेशनवर उतरल्यापासून झोपेपर्यंत काय काय होईल. त्यांनी फोनवर सगळं नीट सांगितलं: रिक्षा, वड, पायऱ्या, खळं, खालची खोली. कुठेही अडल्या नाहीत. मग थोडं थांबून म्हणाल्या, "वहिनी, रात्री बाथरूमला जाताना दिवा असतो का गं?"

मी सगळं मोजलं होतं, पण दिव्याचं लिहिलंच नव्हतं, कारण दिवा नाहीये. बटण घराच्या आत आहे, पाहुण्याला ते सापडत नाही. आजींचा सगळा त्रास तोच होता.

हे उद्या मालवणला जाऊन माणूस जवळ आला की लागणारे दोन दिवे आणणार आहेत, एक जिन्याखाली आणि एक खळ्याच्या कडेला. जाहिरातीत त्या ओळीची जागा मी रिकामी सोडली आहे. दिवे बसले, रात्री मी आणि सासूबाई त्या वाटेने एकदा जाऊन आलो, की मग लिहीन.