सूर्य आकाशाइतकाच उजळ

पुण्याहून आलेल्या इंटिरिअरवाल्या मॅडमनी मोबाईलवर एक चित्र दाखवलं आणि म्हणाल्या, "हे विणून नकोय मला. पण हॉटेलच्या लॉबीत शिरणाऱ्याला वाटलं पाहिजे ते हेच. आणि दिसलं पाहिजे सोलापूर."

चित्र क्लोद मोनेचं होतं. 1872 सालचं, ल आव्र बंदरातल्या सकाळचं. 'इंप्रेशन, सनराइज' या नावाने ते ओळखलं जातं आणि याच नावावरून चेष्टेने पडलेलं 'इंप्रेशनिस्ट' हे बिरुद पुढे अख्ख्या चळवळीला चिकटलं. मूळ चित्र पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात आहे. साधारण 48 बाय 63 सेंटिमीटरचं, म्हणजे साधारण आपल्या उशीच्या अभ्र्याएवढंच. आम्हाला भिंतभर वॉल हँगिंग करायचं होतं.

मॅडमनी सोबत एक विणलेला तुकडा आणला होता. त्यांनी आधी दुसऱ्या एका ठिकाणी काम दिलं होतं, तिथल्या कागदावर एवढंच लिहिलेलं: 'निळं पाणी, केशरी सूर्य, होड्या, धुकं.' तुकड्यात हे सगळं इमानेइतबारे हजर होतं. निळं पाणी होतं, वर टिकलीसारखा केशरी सूर्य होता, होड्या होत्या, धुक्याच्या जागी पांढरा पट्टा होता. सकाळ तेवढी नव्हती. विणणाऱ्याला बोल लावता येणार नाही, त्याला जे सांगितलं ते त्याने विणलं.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वॉल हँगिंगच्या कारखान्यात डिझाइनचं बघतो. आमच्याकडे मोठं रेखाटन अजूनही एक म्हातारे मास्तर हाताने करतात, मग ते स्कॅन होऊन जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, फाईलमध्ये जातं. मास्तरांना मोबाईल दाखवायला गेलो तर त्यांनी हातानेच थांबवलं. "दाखवू नको. एकदा बघितलं की माझा हात तिकडंच जातो, मग तू म्हणशील नक्कल झाली. तोंडाने सांग. नाहीतर लिहून दे."

हा त्यांचा नेहमीचा हट्ट, आणि बरोबरही आहे. त्यामुळे तो दिवस माझा लिहिण्यात गेला.

एक नियम मी पाळतो. रचना सांगताना वस्तूंची नावं घ्यायची नाहीत. 'होडी' लिहिलं की मास्तर होडी काढणार आणि झालं, बंदर आलं. चित्रात होडी असणं महत्त्वाचं नाही. तो डाग किती मोठा, कुठे आणि शेजाऱ्यांपेक्षा किती गडद, हे महत्त्वाचं. म्हणून आधी चित्र स्क्रीनवर काडेपेटीएवढं केलं, डोळे बारीक केले आणि जे उरलं तेवढंच उतरवलं. मास्तरांना दिलेल्या कागदावर असं होतं:

"आडवं चित्र. रुंदी उंचीच्या सव्वापटीहून थोडी जास्त. जवळजवळ सगळी जागा मधल्या उजेडाची, ना गडद ना पांढरी. वर आणि खाली असे दोन भाग आहेत, वरचा लहान, पण त्यांच्यामधली रेघ सापडत नाही. एक दुसऱ्यात विरघळतो. वरच्या भागात दोन्ही बाजूंना उभ्या, पुसट, उंच रेघा. एकीलाही कडा नाही. मध्याच्या थोडं खाली एक छोटा डाग, चित्रातला सगळ्यांत गडद. त्याच्या मागे डावीकडे वर दुसरा, फिका. त्याच्याही पलीकडे तिसरा, जवळजवळ नाहीच. तिघांची तिरकी रांग नजरेला आत नेते. या रांगेच्या विरुद्ध, मध्याच्या उजवीकडे वर, एक लहान गोल. चित्रातली सगळ्यांत उबदार गोष्ट तीच. त्याच्या खाली त्याच रंगाचे आडवे, तुटक फटकारे, सरळ खाली येणारे. बाकी फटकारे मोकळे, घाई केल्यासारखे. बारकावा कुठेच नाही."

मास्तरांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "गडद डाग हलतोय का थांबलाय?" हे मी लिहिलं नव्हतं. परत चित्र बघितलं. "हळू चाललाय," म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कोळसा घेतला.

संध्याकाळी कागदावर हिप्परग्याचा तलाव होता आणि त्यात तीन म्हशी. पुढच्या म्हशीची पाठ, डोकं, शिंगं, बस. मागची अर्धी बुडालेली, तिसरी म्हणजे पाण्यावरचा एक ठसा. मागे उभ्या रेघांच्या जागी गिरणीच्या चिमण्या. हिप्परग्याच्या काठावरून अशा चिमण्या दिसत नाहीत, असं मी बोललो. मास्तर म्हणाले, "धुक्यामागं काय दिसतंय ते कुणी मोजायला जाणाराय का?" होडीचा शब्द गेला आणि म्हैस आली. बंदर कुठेच नव्हतं, तरी कागद भिंतीला लावून लांबून बघितला तर चालायची गती तीच होती.

रंगाचं प्रकरण मात्र असं सहज सुटणारं नव्हतं.

त्या चित्रातली खरी गंमत सूर्यात आहे. आपण म्हणतो सूर्य तेजस्वी, म्हणजे आकाशापेक्षा उजळ. चित्राचा फोटो मोबाईलमध्ये काळापांढरा करून बघा: सूर्य जवळजवळ गायब होतो. मोनेने सूर्याचा उजळपणा आजूबाजूच्या आकाशाइतकाच ठेवलाय, वेगळा आहे तो फक्त रंग. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी याचं कारण डोळ्यामागच्या यंत्रणेत दाखवलं. वस्तू कुठे आहे, हलतेय का, हे ओळखणारा मेंदूचा भाग उजेड-अंधारावर चालतो, रंगाचं त्याला फारसं कळत नाही. त्याला सूर्य दिसतच नाही. रंग ओळखणाऱ्या भागाला मात्र ठळक दिसतो. म्हणून तो सूर्य जागेवर ठरत नाही, थरथरल्यासारखा वाटतो. आधीच्या विणलेल्या तुकड्याचाही मी काळापांढरा फोटो काढला. सूर्य पांढऱ्या बटणासारखा लख्ख उठून दिसला. 'केशरी' हा शब्द बरोबर होता, पण तो फक्त रंगाची जात सांगतो.

म्हणून मी प्रत्येक रंग तीन गोष्टींनी लिहितो: जात कोणती, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दहा पायऱ्यांवर उजळपणा किती, आणि तो भडक की मळका. तेही शेजाऱ्याच्या तुलनेत. सूर्याबद्दल लिहिलं, "केशरी, लालसर. उजळपणा लागून असलेल्या आकाशाइतकाच, एक पायरीसुद्धा वर नाही. भडकपणा सगळ्या चित्रात सर्वांत जास्त." आकाश-पाण्याबद्दल, "निळसर राखाडी, कुठे हिरवट, मळकी. वरच्या बाजूला सूर्याच्याच रंगाची फिकी झाक." म्हशीबद्दल, "काळी नाही. गडद निळीच, दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर."

हा कागद रंगारी अण्णांकडे गेला. जकार्डवर आम्ही पाच रंगांचे बाणे, म्हणजे आडवे धागे, धरले होते: केशरी, दोन राखाडी, हिरवट आणि गडद निळा. अण्णांनी वाचून लगेच हरकत घेतली. "सूर्य आकाशाइतका करायला तुम्ही केशरीला खाली आणायला सांगणार. केशरी खाली आणला की तपकिरी होतो. मग सूर्य नाही, वीट विणा." त्यांचं म्हणणं असं, की केशरीला त्याच्या जागेवर राहू द्या आणि आकाशाची राखाडी वर आणा. भडक राहून केशरी जितका उजळ असतो, तिथपर्यंत राखाडी यायला हवी. तुलना बरोबर होती, हलवायची बाजू कोणती ते अण्णांना ठाऊक होतं. त्यांनी राखाडीच्या तीन लड्या रंगवल्या, प्रत्येक आधीचीहून थोडी उजळ. केशरीच्या लडीशेजारी एकेक ठेवून फोटो काळापांढरा केला. मधली लडी केशरीत मिसळून गेली. तीच घेतली.

माग चालू होईपर्यंत मला वाटत होतं, अवघड भाग संपला. नमुन्याचा पहिला हात निघाला आणि सूर्य परत पांढरट. लडी तीच, रंग तोच. भिंग लावून बघितलं तेव्हा कारण दिसलं: ताणा, म्हणजे उभे धागे, पांढऱ्या सुताचा होता. बाणा कितीही वर आणला तरी त्याला बांधायला ताण्याचा धागा ठरावीक अंतराने वर येतोच, आणि प्रत्येक ठिकाणी एक पांढरा ठिपका पडतो. राखाडीत तो खपून जातो. केशरीत मिसळला की केशरी फिका गुलाबी होतो. उपाय शब्दांत सोपा होता, मागावर नाही: ताणा मधल्या राखाडीचा भरायचा. ताणा बदलणं म्हणजे माग थांबणं, आणि मालकांच्या कपाळाला आठ्या. पण राखाडी ताण्याने दुसरं एक काम फुकट झालं. सगळ्या रंगांत तोच राखाडी ठिपका शिरला आणि पाचही रंग एकाच हवेत आल्यासारखे दिसू लागले.

कडांचं एवढंच सांगतो. 'कडा विरघळलेली' हे मागाला कळत नाही. एका आकारात एकच विणकाम भरलं की कापल्यासारखी कड येते. फाईलमध्ये आम्ही चिमण्यांच्या आणि मागच्या म्हशींच्या काठाला तीन टप्प्यांचं साटीन टाकलं, प्रत्येक टप्प्यात ताणा थोडा जास्त वर. पुढच्या म्हशीला फक्त एक टप्पा. शिंगांना एकही नाही.

पीस तयार झाल्यावर दारात, उन्हात धरून फोटो काढला. काळापांढऱ्यात सूर्य नाहीसा, रंगीतात जिवंत. मॅडम खूश. मी विचारलं, लॉबीत दिवे कोणते? पिवळे, म्हणाल्या. मग तोच पीस ऑफिसात पिवळ्या एलईडीखाली टांगला. पिवळ्या उजेडात केशरी वर येतो, निळसर राखाडी खाली बसते, आणि बरोबरी मोडते. फोटोत सूर्य पुन्हा डोकावायला लागला, थोडाच, पण दिसण्याइतका. उन्हात जुळलेले रंग लॉबीत जुळतीलच असं नसतं. अण्णांनी राखाडीची तिसरी, सगळ्यांत उजळ लडी काढली. बाजूला ठेवली होती ती आता उपयोगी पडली. तिच्यावर नवा नमुना विणला, पिवळ्या दिव्याखाली जुळवला आणि त्यावरच पूर्ण माल काढला. दिवसाच्या उजेडात तो पीस किंचित चुकीचा दिसतो. सूर्य आकाशाहून जरासा गडद वाटतो.

वॉल हँगिंग लागल्यावर मॅडमचा फोन आला. हॉटेलवाल्यांनी वीज वाचवायला पिवळे दिवे काढून पांढऱ्या ट्यूब बसवल्या होत्या आणि "सूर्य जरा बसल्यासारखा दिसतोय." मी म्हटलं, मॅडम, त्या भिंतीपुरते दोन पिवळे दिवे परत लावा, बाकी लॉबी कशीही ठेवा. लावले, जमलं. आता त्या दोन दिव्यांचं बिल आमच्या खात्यात की त्यांच्या, यावर मालक आणि हॉटेलवाले यांचं अजून चालू आहे.