साताऱ्याहून घणसोलीला बिऱ्हाड: पैसे कोणत्या क्रमाने निघतात

सामानाचा टेम्पो सकाळी साताऱ्याहून निघाला की संध्याकाळच्या आत नवी मुंबईतल्या घणसोलीला पोहोचतो. पैशांचा प्रवास मात्र दीड महिना चालतो. नोकरी महिन्याच्या वीस-बावीस तारखेला सुरू झाली, तर बऱ्याच ठिकाणी त्या महिन्याचे दिवस पुढच्या पगारात जमा होतात. म्हणजे पहिला पैसा हातात येईपर्यंत चाळीस दिवस सहज जातात, आणि सगळा मोठा खर्च त्याआधीच होऊन गेलेला असतो.

उदाहरणासाठी 18 हजार भाड्याचा वन बीएचके, 75 हजार डिपॉझिट आणि ठाण्यात वागळे इस्टेटला ऑफिस असं धरू. डिपॉझिट, पहिलं भाडं आणि एक महिन्याच्या भाड्याएवढी दलाली मिळून किल्ली हातात येण्याआधीच 1 लाख 11 हजार जातात. त्यातले 75 हजार परत येणारे आहेत, पण अकरा महिने ते नाहीतच असं समजून चालावं. ‘डिपॉझिट आहेच की’ म्हणत फ्रिज हप्त्यावर घेणाऱ्यांची गाडी दुसऱ्या महिन्यातच अडकते.

टोकन दलालाच्या हातात रोख देऊ नका. आधी इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, आणि चालू वीजबिल बघा, दोन्हीवरचं नाव जुळतंय का ते तपासा, आणि पैसे त्याच मालकाच्या खात्यात टाका.

लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेकराराचा, सरकारी खर्च स्वतः काढता येतो. अकरा महिन्यांचं भाडं 1,98,000. त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के दराने अकरा महिन्यांचं व्याज धरायचं, ते 6,875. बेरीज 2,04,875 आणि तिचे 0.25 टक्के म्हणजे सुमारे 512 रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. वर थोडं हाताळणी शुल्क लागतं. एजंट पाच हजार सांगत असेल, तर उरलेली रक्कम त्याने तुमच्या घरी येऊन अंगठे घेण्याच्या सेवेची असते. ती द्यायला हरकत नाही, पण घासाघीस तेवढ्यावरच होऊ शकते हे माहीत असावं.

करारात एक ओळ आग्रहाने घालून घ्या: घर सोडताना रंगकामासाठी किती रुपये कापणार. आकडा लिहिलेला नसेल तर वाद हमखास इथेच होतो. ताबा घेताना भिंतींचे, बाथरूमच्या नळांचे आणि वीजमीटरच्या रीडिंगचे फोटो मालकाला त्याच दिवशी पाठवा. आधीच्या भाडेकरूची थकबाकी महावितरणच्या पुढच्या बिलात येते, तेव्हा तो फोटोच कामाला येतो.

टेम्पोची तारीख सगळ्यात शेवटी ठरवावी. नोंदणी झालेल्या कराराची प्रत आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिल्याची पावती नसेल, तर अनेक सोसायट्या सामान आत घेऊ देत नाहीत. टेम्पो गेटवर उभा राहतो आणि वेटिंगचे पैसे चढत जातात. रविवारी सामान चढवू देतात का, लिफ्ट वापरायचे पैसे घेतात का, हे वॉचमनला नाही, सोसायटीच्या ऑफिसातच विचारा.

घर लावायचा खर्च पहिल्या महिन्यात 15 हजारांत बांधून ठेवता येतो. ‘सेमी फर्निश्ड’ म्हणजे काय ते प्रत्यक्ष मोजा, कारण पंखे कधी असतात, कधी नुसते हुक. पाइप गॅस नसेल तर ओळखपत्रावर मिळणारा 5 किलोचा सिलिंडर आणि दोन बर्नरची शेगडी पुरते. गादी, बादल्या, कुकर आणि खिडक्यांना मच्छरजाळी एवढं आधी. जाळी विसरू नका, घणसोलीत खाडी जवळच आहे. वॉशिंग मशीन दुसऱ्या पगाराचं.

आता रोजचं. घणसोलीहून रबाळे, ऐरोली, दिघा गाव आणि ठाणे. लोकलचा पास हा या हिशेबातला सगळ्यात स्वस्त आकडा. पैसे खातात ती दोन्ही टोकं. रिक्षाचं किमान भाडं 26 रुपये आहे, दीड किलोमीटरचं, आणि पुढे किलोमीटरला साधारण 17. घर ते स्टेशन 26, ठाणे स्टेशन ते ऑफिस साडेतीन किलोमीटरचे 60. जाऊन-येऊन 172 आणि 24 दिवसांचे 4,128 रुपये.

ठाण्याला ट्रान्सहार्बरची गाडी पूर्वेकडच्या फलाटांवर लागते आणि वागळे पश्चिमेला. गर्दीत पूल ओलांडायला दहा मिनिटं धरा. पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या सॅटिस या उंचावरच्या बसथांब्यावरून टीएमटीची बस किंवा खालून शेअर रिक्षा घेतली, तर त्या 60 रुपयांचा मोठा भाग वाचतो. घणसोलीच्या टोकाला घर ते स्टेशन चालत गेलं तर वाचतात महिन्याला 1,248. म्हणून स्टेशनपासून चालत जाता येणाऱ्या घराला हजार-बाराशे जास्त भाडं परवडतं, तीन हजार नाही. पावसाळ्यात चालणं जमणार नसेल तर तेवढंही नाही.

तिमाही पास मासिकच्या 2.7 पट असतो, म्हणजे दहा टक्के बचत. तरीही पहिला पास मासिकच काढा. सेकंड क्लास झेपतो का, हे पहिल्या पंधरा दिवसांतच कळतं.