थोडे दिवस थांबतोय, हे सांगायला मला तीन मसुदे लागले

माझं यूट्यूब चॅनल लहान आहे. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, नोकरी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत. रविवारी मोटरसायकल काढायची, राजहंसगड, वल्लभगड, नाहीतर जांबोटीकडचं एखादं देऊळ गाठायचं आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं. तीन वर्षांत अठराशे साठ सबस्क्रायबर झाले. मे महिन्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं अडखळायला लागलं. भाताची धूळवाफ पेरणी तोंडावर होती. रविवार शेताचे झाले आणि व्हिडिओ थांबवणं भाग पडलं.

गेल्या वर्षी मी एकदा न सांगता दोन महिने गायब झालो होतो. एका आजोबांनी जुन्या व्हिडिओखाली तीनदा विचारलं होतं, "बाळ, बरा आहेस ना?" ते मी फार उशिरा वाचलं. म्हणून या वेळी सांगून थांबायचं ठरवलं.

पहिला मसुदा रात्री जेवल्यावर बसून लिहिला. वाचायला चार मिनिटं लागली आणि त्यातली पहिली दीड मिनिटं नुसती माफी होती. मित्राला ऐकवला. तो म्हणाला, "खरं लेका, तू थांबतोयस हे मला दुसऱ्या मिनिटाला कळलं. तवर मला वाटलं तू चॅनल विकलास." त्याचं बरोबर होतं. माझ्या व्हिडिओंचा प्रेक्षक टिकण्याचा आलेख मी नेहमी बघतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात बरीच माणसं निघून जातात. त्यांच्यापर्यंत बातमी पोचायची तर ती पहिल्याच वाक्यात हवी.

दुसऱ्या मसुद्यात माफी एका ओळीवर आली, पण दोन नव्या चुका झाल्या. बाबांच्या आजाराचं सगळं लिहिलं होतं, कोणत्या दिवशी झटका आला, कोणती बाजू गेली, इथपर्यंत. आणि शेवटी होतं, "दिवाळीला नक्की परत येतो." बाबा खाटेवर पडून ऐकत होते. हळूहळू शब्द जुळवत म्हणाले, "माझं दुखणं गावभर कशाला करतोस?" मला लाज वाटली. कॅमेरा माझा, चॅनल माझं, पण आजार त्यांचा होता. त्यांना मी विचारलंच नव्हतं. मग दोघांनी मिळून ठरवलं की "घरात आजारपण आहे" एवढंच सांगायचं. ते खरंही होतं आणि पुरेसंही. इथे मात्र ते लिहायला त्यांनी स्वतः होकार दिलाय.

दिवाळीची ओळ आईनं काढायला लावली. "तारीख देऊ नको बाबा. पाऊस कधी उघडतोय ते तुला ठाऊक हाय काय?" तारीख दिली की ती पाळता आली नाही तर दुसऱ्यांदा माफीचा व्हिडिओ करावा लागतो, आणि त्यानंतर परतायची हिंमतच होत नाही. गेल्या वर्षी परतल्यावर मी "आता दर रविवारी" असं बोलून बसलो होतो. तिसऱ्याच रविवारी ते मोडलं आणि पुढचा महिनाभर चॅनल उघडायलाही नको वाटायचं. त्यामुळे तारखेच्या जागी मी कारणाला बांधलेलं वाक्य लिहिलं: "बाबा आधाराशिवाय परड्यात फिरायला लागले की मी कॅमेरा काढणार." आजाराचं नाव नाही, पण वाट कशाची बघतोय ते कळतं. हे वाक्य बाबांना आवडलं, म्हणून राहिलं.

तिसरा मसुदा एकशे सत्तर शब्दांचा झाला. माझ्या बोलण्याच्या वेगात तो दीड मिनिटाचा भरतो. तो असा सुरू होतो:

"नमस्कार मंडळी. आजपासून काही महिने नवीन व्हिडिओ येणार नाहीत. घरात आजारपण आहे आणि शेत माझ्या अंगावर आलंय. चॅनल बंद करत नाही. जुने व्हिडिओ जसेच्या तसे राहतील. भीमगडच्या वाटेवर केलेलं चित्रण माझ्याकडे आहे, ते मी टाकून देणार नाही."

जुन्या व्हिडिओंबद्दलची ओळ मुद्दाम आहे. एकदा वैतागून मी सगळेच खासगी करणार होतो. माझ्यासारख्या लांब व्हिडिओंच्या चॅनलला जाहिरातींची कमाई सुरू व्हायला एक हजार सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत चार हजार तास बघणं लागतं, आणि त्यात फक्त सार्वजनिक व्हिडिओंचे तास धरतात. व्हिडिओ खासगी केला की त्याचे तास गेले. माझी कमाई नुकतीच सुरू झाली होती, त्यामुळे दुसरा एक नियमही वाचून ठेवला: सहा महिने किंवा जास्त काळ व्हिडिओ किंवा पोस्ट काहीच टाकलं नाही तर यूट्यूब कमाई बंद करू शकतं. व्हिडिओच हवा असं नाही, पोस्टही चालते. सोप्यातल्या कॅलेंडरवर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी लाल पेनानं गोल केलाय. भाताच्या मळणीचा एक फोटो टाकायला मला दोन मिनिटं लागतील.

एक व्हिडिओ तयार होऊन पडला होता. तो आधी टाकला आणि आठवड्यानं ही घोषणा, म्हणजे चॅनल उघडल्यावर सगळ्यात वर घोषणाच दिसेल. शीर्षक ठेवलं, "थोडे दिवस थांबतोय". "शेवटचा व्हिडिओ" असं लिहिलं असतं तर जास्त लोकांनी उघडला असता, पण ते खोटं होतं. तीच गोष्ट दोन ओळींत पिन केलेल्या कमेंटमध्ये आणि चॅनलच्या माहितीत लिहिली, कारण नवी माणसं जुन्या व्हिडिओवरून येतात, त्यांना घोषणा दिसत नाही.

रेकॉर्डिंगला जूनचा पाऊस लागला. गोठ्यात बसलो तर पत्र्याच्या आवाजात माझा आवाज बुडाला. शेवटी सोप्यात, दार लावून, फोन पोत्यावर टेकवून बोललो. कागद बघून वाचलं तर बातम्या सांगितल्यासारखं वाटलं. मग खोक्याच्या पुठ्ठ्यावर फक्त पाच शब्द लिहिले: थांबतोय, आजारपण, जुने, भीमगड, येतो. चौथ्या खेपेला जमलं. आजारपणाच्या ओळीवर माझा आवाज क्षणभर थांबला. तो तुकडा मी ना कापला ना त्यावर संगीत घातलं. दुसऱ्या खेपेत मी नीट बोललो होतो, तरी ही खेप जास्त खरी होती.

शेवटचं वाक्य सापडायला सगळ्यात जास्त वेळ गेला. "पुन्हा भेटू", "लवकरच", सगळं लिहून खोडलं. आमच्या घरातून बाहेर पडताना कुणी "जातो" म्हटलेलं आजीला खपायचं नाही, "येतो म्हण" म्हणायची. माझे बरेच प्रेक्षक कन्नड बोलणारे आहेत, तेही निघताना "होगि बर्तीनि" म्हणतात, म्हणजे जाऊन येतो. मी दोन्ही म्हटलं, "येतो. होगि बर्तीनि." आणि कॅमेरा बंद केला.

ज्या आजोबांनी गेल्या वर्षी विचारलं होतं, त्यांनी खाली लिहिलं, "ये." तेवढंच.

भीमगडचं चित्रण एका वेगळ्या फोल्डरमध्ये आहे. सोबत एका फाइलीत मी त्या दिवशीच लिहून ठेवलं, कोण बोललं, कुठल्या दगडापाशी थांबलो, कुठला आवाज खराब आहे. चार महिन्यांनी हे आठवणार नाही. बाबा परवा काठी टेकत सोप्याच्या उंबऱ्यापर्यंत आले. परडं तिथून आणखी पंधरा-वीस पावलं आहे.