गिरणीचा पट्टा
(माजी विद्यार्थ्याचे मनोगत)

नववीत वर्तुळाकार गतीतल्या चालीचं v = 2πr/t हे सूत्र आम्हा सगळ्यांना पाठ होतं. त्यातून v = ωr कसं निघतं ते सरांनी फळ्यावर दाखवलं, पण वर्गातले चेहरे बघून खडू खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्हाला गावभागातल्या एका पिठाच्या गिरणीत नेलं. गिरणीवाले काका खपली दळत होते. सरांनी आधी गिरणी बंद करायला लावली, मगच आम्हाला पट्ट्याजवळ जाऊ दिलं.

मोटरची पुली १०० मिलिमीटर व्यासाची होती आणि दगडाच्या दांड्यावरची ३०० मिलिमीटरची. सरांनी मोठ्या पुलीच्या त्रिज्येएवढी, म्हणजे १५ सेंटिमीटरची सुतळी कापली आणि एकाला ती कडेवरून पुढे पुढे मांडायला सांगितली. सहा वेळा मांडून झाल्यावर चार सेंटिमीटरभर जागा उरली. "एक सुतळी म्हणजे एक रेडियन. पूर्ण फेरीत सहा आणि वर थोडे, म्हणजे 2π. चाक सेकंदाला जितके रेडियन फिरेल, कडेवरचा बिंदू तितक्या सुतळ्या पुढे जाईल. ω म्हणजे सुतळ्या किती, r म्हणजे सुतळीची लांबी." त्यानंतर ते सूत्र कधी घोकावं लागलं नाही.

मग हिशेब. मोटर मिनिटाला १४४० फेरे घ्यायची, म्हणजे सेकंदाला २४. त्याला 2π ने गुणलं की ω साधारण १५१ रेडियन प्रति सेकंद. त्रिज्या ०.०५ मीटर, म्हणून पट्ट्याची चाल सेकंदाला सुमारे ७.५ मीटर, ताशी २७ किलोमीटर. एकाने १४४० ला थेट ०.०५ ने गुणून ७२ काढले. सर म्हणाले, "ताशी किती होतात ते बघ." २६० च्या आसपास निघाले आणि सगळे हसले. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये करून बघितलं की असली चूक लगेच उघडी पडते. ही सवय मला आजही उपयोगी पडते.

पट्टा एकच, त्यामुळे दोन्ही पुल्यांच्या कडांची चाल सारखीच. मोठ्या पुलीची त्रिज्या तिप्पट, म्हणून तिचा ω एक तृतीयांश, ५० च्या आसपास. मिनिटाला ४८० फेरे. दगडाच्या बाबतीत मात्र उलटं. पुली आणि दगड एकाच दांड्यावर, म्हणून दोघांचा ω सारखा आणि चाल त्रिज्येप्रमाणे वेगळी. दगडाची त्रिज्या २० सेंटिमीटर, तेव्हा कड सेकंदाला १० मीटरने फिरणार, तर मध्यापासून ५ सेंटिमीटरवरचा भाग जेमतेम अडीच मीटरने. दाणा मध्यातून आत जातो आणि पीठ होऊन कडेने बाहेर पडतो, म्हणजे वाटेत त्याला चौपट चाल भेटते. वर्गातल्या पंख्याचंही तेच: ६० सेंटिमीटरवरचं पात्याचं टोक मिनिटाला ३६० फेऱ्यांना ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जातं, निम्म्या अंतरावरचा बिंदू त्याच्या निम्म्याने.

गिरणी सुरू झाल्यावर सरांनी फेरे मोजायला कुणाकडून तरी मागून आणलेल्या टॅकोमीटरचं रबरी टोक दांड्याच्या मध्यावर टेकवलं. आकडा आला ४६५. "गणित चुकलं?" सरांनी विचारलं. काका तिथूनच म्हणाले, "न्हाई ओ, पट्टा घसरतोय." कडांची चाल सारखी हे पट्टा न घसरण्यावर अवलंबून असतं, इथे तीनेक टक्के हरवत होते. घसरणाऱ्या पट्ट्याची आतली बाजू गुळगुळीत चकाकते, पुली हाताला गरम लागते, जोर आला की करकर ऐकू येते. काकांनी मोटर थोडी मागे सरकवून पट्टा ताणला, तेव्हा आकडा ४७५ वर गेला.

काकांनी मग आपणहून एक गोष्ट सांगितली. दळण लवकर उरकावं म्हणून त्यांनी एकदा मोटरला १५० मिलिमीटरची पुली बसवली होती. पीठ हातात धरवेना इतकं गरम यायला लागलं, पोळ्या चिवट होतात म्हणून गिऱ्हाईक ओरडलं, मोटरही तापली. सरांनी तिथेच पिठाच्या डब्याच्या झाकणावर खडूने मांडून दाखवलं: दीडपट त्रिज्या, म्हणून पट्ट्याची चाल दीडपट, म्हणून दगडाचे फेरे ७२०, म्हणून दगडाची कड १० ऐवजी १५ मीटरने. काकांनी जुनी पुली परत का लावली ते तेव्हा आम्हाला आकड्यांत कळलं.

पुढे कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला लागल्यावर या हिशेबात एकच भर पडली. व्ही पट्टा खाचेत बसतो, त्यामुळे पुलीचा बाहेरचा व्यास धरून चालत नाही. पट्ट्यातले ताण घेणारे दोरे ज्या वर्तुळावरून जातात त्याचा व्यास धरावा लागतो. लहान पुलीवर हा फरक जास्त जाणवतो. नव्या पोरांना मी पुलीच्या कडेला टेप लावताना बघतो, तेव्हा आधी पट्टा खाचेत कुठवर बसलाय ते बघायला सांगतो.