डार्क सोल्स: ग्विनच्या थोरल्या मुलाचं पान

खेळाची कथा जुळवणाऱ्या आमच्या दादरच्या गटाच्या वहीत या खेपेला पान लागलं ते ‘डार्क सोल्स’मधल्या देवांच्या राजाच्या, म्हणजे ग्विनच्या, थोरल्या मुलाचं. २०११ च्या ‘डार्क सोल्स’ या व्हिडिओ गेममध्ये कोडेक्स, म्हणजे कथा एका जागी सांगणारा कोश, नाही. कथा वस्तूंच्या वर्णनांत आणि पडक्या वास्तूंत विखुरलेली आहे. म्हणून दर वस्तूला तीन रकाने ठेवलेत: वर्णन जसंच्या तसं, ती सापडते ती जागा, आणि आपला तर्क. वर्णनांचे स्क्रीनशॉट फोनवर घेतले की लोकलमध्येही वाचून होतात.

थोरल्याच्या अंगठीचं वर्णन म्हणतं, तो युद्धदेव होता; मूर्खपणापायी इतिहास नष्ट झाला, देवत्व गेलं, आज नावही कुणाला ठाऊक नाही. ‘सनलाइट ब्लेड’ हा मिरॅकल, म्हणजे दैवी मंत्र, देवांच्या अ‍ॅनॉर लॉन्डो नगरीत, ग्विनच्या थडग्यात मिळतो. देवत्व गेल्यावर त्याने तो वडिलांच्या शवपेटीवर ठेवला, बहुधा निरोप म्हणून, असं वर्णन सांगतं. जागा आणि मजकूर इथे एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून ही नोंद भक्कम. अनडेड बर्गजवळच्या सूर्यवेदीवरची मोडकी मूर्ती मात्र तर्काच्या रकान्यात. ती त्याचीच, असं वस्तूच्या कुठल्याच वर्णनात लिहिलेलं नाही.

आता सोलेर, खेळात भेटणारा एक योद्धा. हाच थोरला, हा चाहत्यांचा फार गाजलेला तर्क. तो सूर्याचा भक्त, वेदीच्या जवळच भेटतो, छातीवर सूर्य. पण त्याच्या शिरस्त्राणाचं वर्णन वाचा: उत्तम दर्जाचं, पण खास शक्ती नाही; त्याचं कौशल्य केवळ त्याच्या सरावाचं फळ. छातीवरचा सूर्य त्याने स्वतः रंगवलाय आणि तोही शक्तिहीन, असं चिलखताचं वर्णन सांगतं. तर्क घसरतो तो इथेच: जुळणारे चार धागे गोळा होतात आणि विरोधी ओळ कुणी वाचतच नाही. आमच्या मते तर्क मांडण्याआधी त्या पात्राच्या सगळ्या वस्तू वाचून त्याला खोडणारी ओळ आधी शोधावी.

२०१६ च्या ‘डार्क सोल्स ३’मध्ये आर्चड्रॅगन पीकवर ‘नेमलेस किंग’ हा शत्रू आला. त्याच्या आत्म्याचं वर्णन सांगतं, हा एकेकाळचा ड्रॅगन मारणारा युद्धदेव, ज्याने सर्वस्व सोडून प्राचीन ड्रॅगनांशी हातमिळवणी केली. त्याचा मुकुट पहिल्या लॉर्डच्या मुकुटासारखा दिसतो, म्हणजे ग्विनच्या. तरी ‘हाच थोरला’ असं थेट वाक्य नाहीच. ही ओळख आम्ही ‘जवळपास पक्की’ धरली.

चाहते तर्क का करतात, ते या पानावरून कळतं: नाव पुसलंय, पण पुसल्याची खूण मुद्दाम ठेवलीय. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी सांगितलंय की लहानपणी इंग्रजी पुस्तकं पूर्ण कळत नसत, तेव्हा मधल्या जागा ते कल्पनेने भरत.

एक प्रश्न उघडा राहिलाय. अंगठीतला तो ‘मूर्खपणा’ म्हणजे ड्रॅगनांशी केलेली मैत्रीच का? दोन खेळांतल्या दोन ओळी शेजारी ठेवल्या की तसं वाटतं, पण जोडणारी तिसरी ओळ अजून हाती नाही. कुणाला दिसली तर वर्णन जसंच्या तसं पाठवा, जागेसकट.